अण्णा रात्री उठतात ते कशासाठी?

‘माझे सासरे ७९ वर्षांचे आहेत, एसटीत कंट्रोलर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गणपतीत घरात एकेकाला फ्लू झाला, शेवटी त्यांनाही झाला. ताप आता उतरलाय, ९९ च्या आसपास असतो. पण गेल्या तीन रात्री ते उठून बसतात, “धुळे गाडी लागली का” विचारतात, भिंतीवर मुंग्या दाखवतात, मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. परवा पहाटे तीनला संडासाच्या उंबऱ्याशी पडले, कोपर खरचटलं. दिवसा मात्र शांत पडून असतात, त्यामुळे दिवसाची काळजी नाही. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत, सर्दीची गोळी मेडिकलमधून आणून तीन वेळा देतोय. दीर म्हणतात, सासूबाईंची झोपेची अर्धी गोळी द्या. नणंद म्हणते, पलंगाला कठडा लावा, नाहीतर रात्रीपुरता हात ओढणीने बांधा. शेजारी म्हणतात, म्हातारचळ लागला. मी हॉलमध्येच झोपते, पण मला कळेपर्यंत ते उठलेले असतात. हा स्मृतिभ्रंश आहे का? आणि रात्री काय करू?’
— एक सून, नाशिक

अण्णांना आजच डॉक्टरांकडे न्या. रात्र काढून सकाळी बघू, असं करू नका. बाकीचं सगळं सविस्तर लिहिते, पण ते डॉक्टरांकडे नेण्याऐवजी करायचं म्हणून नाही, त्याच्या जोडीला म्हणून वाचा.

आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची, ‘तापात वात झालाय, बरळतोय.’ डॉक्टर त्यालाच डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी वाढत जातो. हा वात काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. म्हणून पहिला प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा: महिन्यापूर्वी अण्णा कसे होते? पेन्शनचं पासबुक स्वतः बघत होते का, पेपर वाचत होते का, नातवंडांची नावं बरोबर घेत होते का? उत्तर ‘हो’ असेल, तर तीन रात्रींत कुणाला स्मृतिभ्रंश होत नाही. आधीपासून थोडं विसरायला होत असेल, तर अशा माणसाला तापात वात लवकर होतो; पण तरीही आत्ताचा हा बिघाड आजारपणाचाच समजायचा आणि त्याचं कारण शोधायचं.

घरी एक छोटी परीक्षा करता येते. दुपारी अण्णांना रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्यांच्या वेळा तोंडपाठ ठेवल्या, त्याला हे सहज जमायला हवं. डिलिरियममध्ये माणूस ‘शनिवार, शुक्रवार’ म्हणतो आणि मध्येच थांबतो, किंवा सरळ वार म्हणू लागतो, किंवा खिडकीकडे बघत राहतो. त्याला वार आठवत असतात, पण लक्ष एका जागी टिकत नाही. लक्ष न टिकणं ही या दुखण्याची खूण आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, त्याकडे येते. ‘दिवसाची काळजी नाही.’ जो माणूस एरवी दिवसभर पडून राहत नाही, तो आजारात गुपचूप पडून असेल, हाक मारल्यावर उशिरा डोळे उघडत असेल, घास तोंडात धरून बसत असेल, तर तोही वातच आहे. फक्त हा वात आरडाओरडा करत नाही, म्हणून घरच्यांना तो आराम वाटतो. शिवाय दिवसभर झोपलेलं शरीर रात्री कसं झोपणार? आडवं पडून पडून पायांतली ताकद दोन-तीन दिवसांतच कमी होते, पाणी पोटात जात नाही, आणि मग पहाटे तीनला तेच अशक्त पाय पलंगाखाली उतरतात. परवाचं पडणं दिवसा सुरू झालं होतं, असं मला वाटतं.

वयस्क माणसाचा ताप ९९ वर आला म्हणून फ्लू संपला असंही धरू नका. या वयात ताप मुळातच फार चढत नाही. फुप्फुसात न्यूमोनिया असूनही थर्मामीटर शांत असतो आणि पहिलं लक्षण म्हणून माणूस बरळायला लागतो. म्हणून ऑक्सिमीटर लावा. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. ९० किंवा त्याहून कमी असेल, किंवा श्वास लागून वाक्य पुरं होत नसेल, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय.

आता रात्रीकडे. सगळे जण अण्णांना उठू कसं द्यायचं नाही याचा विचार करताहेत. मला विचारायचंय, ते उठतात कशाला? गाडीचं ते तोंडाने बोलतात, पण पडले कुठे? संडासाच्या उंबऱ्याशी. त्यांना लघवीला जायचं होतं. मेंदू गोंधळलेला असला तरी मूत्राशयाचा निरोप पोचतो. तो कशाचा निरोप आहे हे मात्र नीट उलगडत नाही. काहीतरी निघायची घाई आहे एवढं कळतं, आणि चाळीस वर्षं डेपोत काढलेल्या माणसाला निघायची घाई म्हणजे गाडीच वाटणार.

इथे त्या सर्दीच्या गोळीकडे बघा. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत क्लोरफेनिरामिन मॅलिएट लिहिलेलं आहे का? आपल्याकडे सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर ते असतं. तरुण माणसाला त्याने नुसती झोप येते. वयस्क माणसात हेच औषध मेंदू गोंधळवतं, तोंड कोरडं पाडतं, पोट साफ होऊ देत नाही आणि लघवी अडवतं. त्यात नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन असेल आणि प्रोस्टेट वाढलेली असेल, तर लघवी आणखी अडते. मग मूत्राशय कधीच पूर्ण रिकामं होत नाही, थोडी थोडी होते आणि दर तासाला उठावं लागतं. बेंबीखाली हात ठेवून बघा: घट्ट, फुगीर लागतं का, दाबल्यावर कळवळतात का? तसं असेल तर आजच्या आज नळी घालून लघवी काढावी लागेल, आणि बहुतेक वेळा त्यानंतर काही तासांत माणूस बराच शांत होतो. ती गोळी आता पुढे देऊ नका आणि पाकीट डॉक्टरांना दाखवा. तापाला साधं पॅरासिटामॉल किती द्यायचं ते त्यांनाच विचारा.

दुसरं पाकीट शुगरचं. त्यात ग्लिमेपिराइड असेल आणि अण्णा जेवत नसतील, तर शुगर उतरते, आणि उतरलेली शुगर हुबेहूब असंच बरळायला लावते. रात्री ते गोंधळले की समजूत घालण्याआधी बोटातलं रक्त घेऊन शुगर बघा. ७० च्या खाली असेल, माणूस जागा असेल आणि नीट गिळत असेल, तर पोह्याच्या चमच्याने तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा आणि डॉक्टरांना फोन करा, कारण या गोळीने शुगर पुन्हा उतरू शकते. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ बोलवा. बीपीचंही असंच. अंगातलं पाणी कमी झालं की नेहमीची गोळीही जास्त होते आणि उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं असताना बीपी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. ते गोळी कमी करतील किंवा काही दिवस थांबवतील. बीपीची गोळी तुम्ही स्वतः बंद करू नका.

दिरांचा सल्ला प्रेमापोटी असेल, तरी झोपेची गोळी देऊ नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्यांनी वात वाढतो, श्वास मंदावतो, आणि माणूस झोपण्याऐवजी अर्धवट गुंगीत उठून चालू लागतो, म्हणजे पडणं जवळजवळ ठरलेलं. याला दोन अपवाद आहेत, दुसऱ्या घरांतल्या वाचकांसाठी सांगते. जो माणूस वर्षानुवर्षं रोज अशी गोळी घेतोय, त्याची ती आजारपणात एकदम तोडायची नसते. आणि जो रोज दारू घेत होता आणि आजारामुळे ती बंद झाली, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम आणि मुंग्या दिसणं सुरू झालं, तर ते वेगळंच संकट आहे आणि त्याचा उपचार रुग्णालयातच होतो. लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना हे सांगा.

कठड्याबद्दल मी माझ्या घरातलं सांगते. माझ्या आत्याला न्यूमोनियात असाच वात झाला होता. मी तिच्या पलंगाला दोन खुर्च्या आणि एक टेबल लावलं आणि निर्धास्त झोपले. तिने टेबलावर चढून पलीकडे पाय टाकला. पलंगावरून पडली असती तर दीड फुटावरून पडली असती. ती तीन फुटांवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. गोंधळलेल्या माणसाला कठडा म्हणजे ओलांडायची भिंत वाटते. बांधलेला हात तर त्याहून वाईट. आपल्याला कुणीतरी पकडून ठेवलंय याची त्याला खात्रीच पटते, तो जिवाच्या आकांताने ओढतो, ओढणी गळ्यापर्यंत सरकू शकते, आणि उलटी झाली तर कुशीवर वळता येत नाही. बाहेरून कडी लावणंही नको.

त्याऐवजी उठणं गृहीत धरा, आणि ते कुणाच्या तरी सोबतीने होईल अशी मांडणी करा.

अण्णांना अशा पलंगावर झोपवा, जिथे कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात. तोल गेलाच तर कमी उंचीवरून जावा म्हणून हे. नुसती जमिनीवर गादी नको. अशक्त गुडघ्यांना तिथून उठणं सगळ्यात अवघड. पलंग एका बाजूने भिंतीला अगदी चिकटवा, मध्ये फट राहू देऊ नका, आणि ज्या बाजूने ते रोज उतरतात ती मोकळी ठेवा. सोबतीच्या माणसाने हॉलच्या दुसऱ्या टोकाला झोपू नये. त्याची गादी त्यांच्या वाटेतच, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ घाला. त्यांच्या पांघरुणाच्या कडेला चार घुंगरं शिवून टाका. पाय खाली यायच्या आत आवाज होतो.

खोलीत पूर्ण अंधार नको आणि ट्यूबलाइटही नको. जमिनीलगतच्या प्लगमध्ये पिवळा छोटा दिवा लावा, दुसरा संडासाच्या दाराशी. मग त्यांच्या उशीवर डोकं ठेवून स्वतः समोर बघा. खुंटीवरचा शर्ट उभ्या माणसासारखा दिसतो का? पंख्याची सावली भिंतीवर हलते का? मुंग्या बहुतेक तिथूनच आल्या असतील. शर्ट काढा, आरशावर चादर टाका. चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी एका वाटीत ठेवा, आणि ते उठून बसले की पाय खाली टाकण्याआधी दोन्ही लावा. ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचा वात दुप्पट वाटतो.

संडासापर्यंत रात्री न जाणं सगळ्यात चांगलं. मेडिकलमध्ये पुरुषांचं लघवीचं भांडं मिळतं. पलंगाच्या कडेला बसूनच ते वापरता येतं. कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते, ती रात्री पलंगाला लागून ठेवा. जावंच लागलं तर वाटेतलं पायपुसणं उचला, बादली आणि पाट आत ढकला, फरशी झोपण्याआधी कोरडी पुसा. फरशीवर मोजे घसरतात, सपाता निसटतात. मागे पट्टा असलेली सँडल नाहीतर अनवाणी. लुंगी असेल तर इलॅस्टिकचा लेंगा द्या. उंबऱ्याच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे पाय कुठे उचलायचा ते दिसेल.

आणि वेळ आधीच पकडा. तीन रात्री ते कधी उठले ते वहीत लिहा. तीनला उठत असतील तर अडीचला तुम्हीच हळूच उठवा. उठवताना आधी बसवा, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसू द्या, पावलं वर-खाली हलवायला सांगा, चक्कर नाही ना विचारा, मगच उभं करा. त्यांच्या बाजूला, किंचित मागे उभे राहा. एक हात कमरेमागे, दुसऱ्याने त्यांचा तळहात. समोर उभं राहून हात ओढू नका. तोल गेलाच तर झेलायला जाऊ नका, आपल्या मांडीवरून त्यांना सावकाश खाली घसरू द्या. ‘गाडी लागली का’ विचारलं तर एकदा शांतपणे सांगा: ‘अण्णा, आपण घरी आहोत, रात्रीचे अडीच वाजलेत.’ नाही पटलं तर वाद घालू नका. ‘आधी लघवीला जाऊन येऊ’ एवढं बोललात तरी पुरे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात आहे, ती आता स्पष्ट विचारते. रात्री अण्णांजवळ तुम्हीच का? ज्या पिढीतल्या पुरुषाने सुनेसमोर बनियनवरही कधी वावर केला नाही, तो लघवीसाठी सुनेला हाक मारेल का? गोंधळलेल्या अवस्थेतही ही लाज शाबूत असू शकते. ते मुकाट्याने उठले आणि तुम्हाला कळलं नाही, यात तुमची झोप गाढ होती असं नाही. त्यांना तुम्हाला उठवायचंच नव्हतं. या रात्री तुमच्या यजमानांच्या आणि दिरांच्या आहेत. दहा ते दोन एकाने, दोन ते सहा दुसऱ्याने जागावं. तीच दोन ओळखीची माणसं रोज असावीत, रोज नवा चेहरा नको. जवळ जाणाऱ्याने मास्क जरूर लावावा, पण आधी दोन हात लांब उभं राहून चेहरा दाखवावा, नाव सांगावं, मग लावावा.

दिवसा त्यांना दोन-तीनदा खुर्चीत बसवा, जेवणं बसूनच होऊ देत, खिडकी उघडी ठेवा, हात धरून गॅलरीपर्यंत चालवा. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर थांबवा. पेज, ताक, वरणाचं पाणी असं दर तासाला अर्धी वाटी द्या. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं नसेल तर दिवसाला साधारण दीड लिटर, आणि त्यातलं बरंचसं संध्याकाळी सातच्या आत. गिळताना ठसका लागत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. शौचाला कधी झाली तेही वहीत लिहा. चार दिवसांचं कुंथणं एकट्याने वात आणू शकतं.

परवा पडले तेव्हा डोकं आपटलं का, हे कुणी पाहिलं नसेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगा, ते डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगतील. पुन्हा पडले तर लगेच उचलू नका. खुबा दुखतो का, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलाय का, उलटी, वाढती गुंगी, वाकडा चेहरा, एका बाजूचा हात-पाय लुळा, यातलं काही दिसलं तर तिथेच उशी देऊन १०८ बोलवा. नसेल तर कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग समोर ठेवलेल्या खुर्चीला धरून त्यांचं त्यांना उठू द्या.

डॉक्टर रक्तातलं सोडियम, किडनी, लघवी, छातीचा एक्स-रे बघतील. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सगळ्यात उपयोगी, पण या वयात आजार वाढत असेल तर उशिरानेही सुरू करतात. मात्रा किडनी बघून ठरते. मूळ कारण सुटलं तरी डोकं एका रात्रीत निवळत नाही. दोन चांगले दिवस, मग एक वाईट रात्र, असं काही आठवडेही चालतं, तेव्हा घुंगरं आणि दिवा लगेच काढू नका. दोन महिन्यांनीही विसरणं राहिलं, तर मग स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या.

अण्णांना यातलं तुकड्या-तुकड्यांनी आठवेल. मुंग्या आठवतील, तुम्हाला बहिणीच्या नावाने हाक मारल्याचं आठवेल, आणि ते बोलणार नाहीत. एखाद्या दुपारी चहा देताना तुम्हीच म्हणा: ‘अण्णा, तेव्हा तापात वात झाला होता तुम्हाला. आता गेला.’ आणि डॉक्टरांना विचारून, फ्लूची लस त्यांना कधी द्यायची ती तारीख त्याच वहीत लिहून ठेवा.